शेवटी गाडीत कोण उरतं? रात्रपाळी आणि घरपोच वाहन

आज रात्रपाळीच्या गाडीबद्दल बोलायचंय, आणि तेही एकाच प्रश्नाबद्दल: बाई गाडीत ड्रायव्हरबरोबर एकटी कधी असते?

आपल्या राज्याचा दुकाने व आस्थापनांचा कायदा २०१७ चा आहे. त्याचं कलम १३ सांगतं की रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीनेच काम देता येतं, आणि कामाच्या जागेपासून तिच्या घराच्या दारापर्यंत वाहनाची सोय करावी लागते. आता पुष्कळ मालकांना वाटतं, गाडी लावली की झालं.

नोव्हेंबर २००७ मधली पुण्याची घटना आठवा. बीपीओतली एक तरुणी रात्रपाळीला निघाली. गाडी कंपनीनेच लावलेली होती. ड्रायव्हरने सोबत स्वतःचा मित्र घेतला होता. दोघांनी तिला गहुंजे परिसरात नेलं, अत्याचार केला आणि तिचा खून केला. लक्षात घ्या, हे घरी सोडताना नाही, कामावर नेताना घडलं. त्या वेळी गाडीत दुसरं कुणी सहकारी नव्हतं.

आता आपल्याकडे या. समजा, जळगावात अजिंठा चौफुलीजवळच्या एका ऑफिसातून रात्री साडेदहाला चौघी निघाल्या. एक मेहरूणची, एक रामानंदनगरची, एक पिंप्राळ्याची आणि एक पाळधीची. जवळचं आधी, या हिशेबाने पिंप्राळा सुटलं की धुळे रस्त्याला चौथी एकटी उरते. क्रम उलटा केला तर? एकटी कोण, एवढंच बदलतं. धुळ्यात अवधानहून देवपूरला सोडायचं असलं तरी गणित हेच.

म्हणून गाडीत ऑफिसचा सुरक्षारक्षक हवा, आणि तो शेवटच्या दारापर्यंत हवा. परतीचा वेळही त्याच्या ड्युटीत धरा, नाहीतर तो मधेच आपल्या घराजवळ उतरेल. कामावर आणताना त्याने ऑफिसातूनच गाडीत बसायचं, पहिलीला घेण्याआधी.

आता 'दार' म्हणजे काय? गल्लीचं तोंड नव्हे. गाडी आत जात नसेल तर रक्षकाने चालत सोबत जायचं. पण एखादी ताई म्हणाली, "मला कोपऱ्यावरच सोडा, ड्रायव्हरला घर दिसायला नको," तर तो तिचा निर्णय. तो नोंदवा, त्यावर वाद नको. आणि घरात पोचल्याचा फोन तिने स्वतः ऑफिसला करायचा, ड्रायव्हरने नाही.

हे खरंच चाललंय का, ते कसं कळेल? नोंदवही उघडा. महिनाभर रोज अकरा दहा, एकाच पेनाने, एकाच अक्षरात लिहिलेलं दिसलं, तर वही एका बैठकीत भरलीय असं समजा. मग त्या ताईंनाच विचारा.

शेवटचं. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात मालकाने दिलेलं वाहनही कामाची जागाच धरलंय. त्यामुळे गाडीत काही घडलं तर "ते ऑफिसबाहेरचं" असं म्हणून कुठलीही अंतर्गत समिती तक्रार परत पाठवू शकत नाही.