केसांची गोळी आणि एक पत्र

‘डॉक्टर, दिवाळीपासून रोज १ मिलिग्रॅम फिनास्टेराइड घेतोय. केसगळती कमी झाली, पण कामेच्छाही कमी झाली. गोळी थांबवू का? दुसरं काही आहे?’

त्वचारोगतज्ज्ञाला असं स्पष्ट लिहिलेलं बरं. लाजेपायी नुसतं ‘अशक्तपणा वाटतो’ लिहिलं तर निदान भलतीकडे जातं. ही गोळी केसांची मुळं बारीक करणारं डीएचटी हे संप्रेरक घटवते. लैंगिक तक्रारी थोड्याच पुरुषांना होतात. गोळी थांबवल्यावर त्या बहुधा जातात, क्वचित रेंगाळतात. टाळूला लावायचं ५ टक्के मिनॉक्सिडिल हा पर्याय डीएचटीला हात लावत नाही. मात्र ते सोडलं की राखलेले केसही जातात. पत्रात आधीचं नैराश्य असेल तर तेही लिहा. मन फारच खचलं असेल, तर उत्तराची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा.