एकटक नजर हीसुद्धा फिट असते

आमच्या वस्तीतील इयत्ता तिसरीच्या एका मुलीची शुद्धलेखनाची वही तिच्या आईने माझ्यापुढे ठेवली. "भाऊ, बघा. मास्तर म्हणतात पोरीचं लक्ष नाही. घरीपण हाक मारली तर कधी कधी भिंतीकडं बघत बसते. मी दोन रट्टेही दिले." बाईंनी वाक्य सांगितले होते, 'पावसाळ्यात आमच्या गावची नदी दुथडी भरून वाहते.' मुलीने लिहिले होते, 'पावसाळ्यात आमच्या' आणि पुढे एकदम 'भरून वाहते'. मधले तीन शब्द नव्हते. त्या जागी पेन्सिलीची एक वेडीवाकडी रेघ होती. अशा गाळलेल्या जागा जवळजवळ प्रत्येक पानावर होत्या.

आळशी मूल कंटाळले की पुढचे सगळेच सोडते. या मुलीने मधलेच शब्द सोडले होते आणि पुढे बरोबर लिहिले होते. म्हणजे तेवढे काही सेकंद ती वर्गात असूनही नव्हती. डॉक्टरांनी तिला तीन मिनिटे जोरजोरात खोल श्वास घ्यायला सांगितले. दोन मिनिटांच्या आतच ती थांबली. नजर स्थिर झाली, पापण्या फडफडल्या, हाक ऐकू येईना. दहा सेकंदांनी तिने पुन्हा श्वास घ्यायला सुरुवात केली. मध्ये काही घडले याचा तिला पत्ताच नव्हता. ही फिट होती. डॉक्टर तिला 'अ‍ॅबसेन्स' म्हणतात. (ही परीक्षा घरी करू नये.)

आपल्याकडे फिट म्हटले की जमिनीवर पडणे, हातपाय झाडणे, तोंडाला फेस येणे एवढेच डोळ्यांपुढे येते. पण हे दोन्ही प्रकार अपस्माराचेच आहेत. फरक मेंदूत काय घडते यात आहे.

मेंदूतील पेशी विजेच्या अतिसूक्ष्म लहरींनी एकमेकींना निरोप देतात. काही पेशी चेतवतात, काही आवर घालतात. एरवी प्रत्येक गट आपापले काम वेगवेगळ्या वेळी करतो. फिटमध्ये असंख्य पेशी एका ठेक्यात एकदम पेटतात. अ‍ॅबसेन्समध्ये मेंदूच्या मध्यभागी असलेला थॅलॅमस आणि मेंदूचा बाहेरचा थर यांच्यात सेकंदाला साधारण तीन वेळा असा ठेका सुरू होतो. मेंदूचा विद्युत आलेख, म्हणजे ईईजी, काढला की तो कागदावर स्पष्ट उमटतो. बोस्टनच्या गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी 1935 साली तो प्रसिद्ध केला. या प्रकारात प्रत्येक उसळीनंतर आवर घालणाऱ्या पेशी आपले काम करतात. म्हणून भान जाते, पण मूल सहसा पडत नाही.

मोठ्या फिटमध्ये हा आवरच सुटतो. सर्व स्नायू एकदम ताठ होतात. छातीतील हवा स्वरयंत्रातून जोराने बाहेर पडते, त्यामुळे किंकाळी ऐकू येते. ती भुताची नव्हे. दहा-वीस सेकंदांनी आवर थोडा थोडा परत येऊ लागतो. स्नायू क्षणभर सैल, क्षणभर ताठ होतात, तेच झटके. ते विरळ होत एक-दोन मिनिटांत थांबतात. दमलेल्या मेंदूमुळे माणूस नंतर गुंगीत पडून राहतो.

तिसरा प्रकार मेंदूच्या एकाच भागात सुरू होतो. एकच हात उडतो, किंवा माणूस शून्यात बघत ओठ चावतो, कपडे चाचपतो. ही नजर बहुधा अर्ध्या मिनिटाहून जास्त टिकते आणि नंतर थोडा वेळ गोंधळ राहतो. अ‍ॅबसेन्स मात्र बटण दाबल्यासारखी येते आणि तशीच जाते, दिवसातून कितीतरी वेळा. विचारात गढलेले मूल खांद्याला हात लावला की भानावर येते. अ‍ॅबसेन्समधले येत नाही.

प्रकार ओळखणे महत्त्वाचे, कारण औषध त्यावर ठरते. कार्बामाझेपिन एका भागातून सुरू होणाऱ्या फिटवर चालते, पण अ‍ॅबसेन्स त्याने वाढू शकते. म्हणून शेजाऱ्याच्या गोळ्या आपल्या मुलाला कधीही देऊ नयेत. या मुलीला इथोसक्सिमाइड सुरू झाले. डॉक्टरांना आलेखाइतकाच उपयोग आईने ठेवलेल्या नोंदींचा झाला: किती वाजता, किती सेकंद, पापण्या हलल्या का, नंतर गोंधळली का.

मोठी फिट आली तर माणसाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे आणि घड्याळ बघावे. तोंडात चमचा घालू नये, दाबून धरू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवल्याने पेशी शांत होत नाहीत. फिट आपोआप थांबते आणि श्रेय चपलेला मिळते. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा शुद्धीवर येण्याआधी दुसरी आली, तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

चार महिन्यांनी मी ती वही पुन्हा पाहिली. नदी दुथडी भरून वाहत होती, मधला एकही शब्द गळलेला नव्हता. आई म्हणाली, "भाऊ, ते दोन रट्टे मात्र माझ्या मनातून जात नाहीत."