दरफलक वाचायचा तो बँकेच्या बाजूने

परकीय चलनाच्या काउंटरवर मी बरीच वर्षं काढली. तिथे सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य असं : "आम्हाला युरो खरेदी करायचेत, मग खरेदीचा दर लावा ना. हा दुसरा जास्तीचा दर कशाला?" हा प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. फलकावर 'खरेदी' आणि 'विक्री' असे दोन रकाने असतात आणि आपण खरेदीला आलेले असतो. पण तो फलक लिहिलेला असतो बँकेने. खरेदी दर म्हणजे बँक ज्या दराने आपल्याकडून नोटा घेते तो, आणि विक्री दर म्हणजे ज्या दराने ती आपल्याला देते तो. प्रवासाला निघालेल्या माणसाने नेहमी विक्रीचा, म्हणजे दोघांतला मोठा आकडा पाहायचा.

एवढं कळलं तरी गोंधळ संपत नाही, कारण विक्रीचे दरही अनेक असतात. बँकेच्या दरपत्रकात 'टीटी सेलिंग' नावाचा एक रकाना असतो. तो परदेशातल्या खात्यात पैसे पाठवायचा दर. फॉरेक्स कार्डाचा दर वेगळा आणि नोटांचा आणखी वेगळा, बहुतेक वेळा सगळ्यांत महाग. मोबाइलवर दिसतो तो दर यांपैकी कुठलाच नसतो. तो बाजारातला मधला दर, ज्याला सामान्य ग्राहकाला कोणीच नोटा देत नाही. नोटा महाग पडतात याला कारण आहे. खात्यातले पैसे संगणकावर सरकतात, पण नोटा आणाव्या लागतात, त्यांचा विमा उतरवावा लागतो, खऱ्याखोट्या तपासाव्या लागतात, आणि तिजोरीत पडून असताना त्यांच्यावर दमडीचंही व्याज मिळत नाही. हा सगळा खर्च दोन दरांमधल्या फरकात धरलेला असतो. म्हणून 'कमिशन शून्य' अशी पाटी दिसली तर कमिशनबद्दल विचारू नका. नोटांचा विक्री दर विचारा आणि शेवटी एकूण किती रुपये द्यायचे तो आकडा कागदावर मागा.

एक हिशेब करून पाहू. साताऱ्याचे काका-काकू जर्मनीला मुलाकडे निघालेत आणि काकांना ८०० युरो नोटांत हवेत. सोप्या आकड्यांसाठी समजा, बाजारात युरो १०० रुपयांना आहे, शाखेचा नोटांचा विक्री दर १०३.५० आणि खरेदी दर ९६ आहे. ८०० युरोंचे झाले ८२,८०० रुपये. यावर जीएसटी लागतो, पण पूर्ण रकमेवर नाही. एक लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारात रकमेचा १ टक्का, किमान २५० रुपये, हे सेवेचं मूल्य धरतात आणि त्यावर १८ टक्के कर घेतात. इथे सेवेचं मूल्य ८२८ रुपये, कर १४९ रुपये. काकांनी द्यायचे एकूण ८२,९४९.

सहलीहून परतताना खिशात १५० युरो उरले आणि दर तेच राहिले असं धरू. विकायला गेले तर ९६ च्या दराने १४,४०० रुपये होतात. त्यातून किमान मूल्यावरचा ४५ रुपये कर गेला की हातात १४,३५५ उरतात. हेच युरो घेताना १५,५२५ मोजले होते. न खर्चलेल्या नोटांनी जाऊन-येऊन ११७० रुपये खाल्ले. खरा तोटा असा परतीच्या वाटेवर होतो, आणि निघताना दहा-वीस पैशांसाठी चार ठिकाणी फिरणारी माणसं त्याचा विचार करत नाहीत, याचं मला नेहमी वाईट वाटे. नोटा बेताच्या घ्याव्यात : विमानतळावरून घरी पोहोचणं, पहिले दोन-तीन दिवस, किरकोळ खर्च. बाकीचं कार्डावर. उरलेल्या नोटा घाईने विकायचीही गरज नाही. २,००० डॉलरच्या मोलाइतक्या परकीय नोटा घरी ठेवायला रिझर्व्ह बँकेची मुभा आहे. पुढच्या वर्षी नातवाला भेटायला जायचंच असेल तर ते १५० युरो कपाटातच राहू द्यावेत. त्याहून जास्त उरलं असेल तर परतल्यापासून १८० दिवसांत परत करावं लागतं.

आता कागदपत्रं. पासपोर्ट, व्हिसा, परतीचं तिकीट आणि पॅन कार्ड, यांच्या मूळ प्रती आणि झेरॉक्स दोन्ही न्याव्यात. शाखेत ए-२ नावाचा अर्ज भरून प्रवासाचं कारण लिहायचं आणि या आर्थिक वर्षात आधी किती परकीय चलन घेतलं ते जाहीर करायचं, कारण माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे. नोटांच्या रूपात मात्र बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलरच्या मोलाइतकंच मिळतं. नेपाळ आणि भूतानच्या सहलीसाठी परकीय चलन मिळतच नाही.

अडचण येते ती बहुधा नावात. काकूंचं पॅन कार्ड माहेरच्या नावाचं आणि पासपोर्ट सासरच्या, हे आपल्याकडे घरोघरी आहे. काउंटरवरच्या माणसाला दोन्ही कागदांवरची व्यक्ती एकच आहे हे पटवावं लागतं. लग्नाचा दाखला किंवा राजपत्रातली प्रत सोबत असली तर काम होतं, नसली तर परत जावं लागतं. आणि काका-काकू दोघांना चलन हवं असेल तर अर्ज दोन, पॅन दोन.

पैसे कसे द्यायचे हेही आधी ठरवा. रक्कम ५० हजार रुपयांच्या वर गेली की रोख चालत नाही. चेक, डिमांड ड्राफ्ट किंवा कार्डानेच द्यावी लागते. वरच्या हिशेबातले ८२,९४९ काकांनी पिशवीतून रोख आणले असते तर ते तसेच परत न्यावे लागले असते.

शाखा कुठली, हा प्रश्न तालुक्याच्या गावी मोठा ठरतो. प्रत्येक शाखेत परकीय नोटा नसतात. आधी फोन करून विचारावं. नोटा मागवायच्या असतील तर दोन-तीन दिवस हाताशी ठेवावेत. अनेक बँका फक्त स्वतःच्या खातेदारांनाच नोटा देतात. बँकेत नसतील तर रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेला मनी चेंजर चालतो. निघण्याच्या ६० दिवस आधीपर्यंत चलन घेता येतं, त्यामुळे शेवटच्या दिवशी विमानतळावरच्या दराच्या तोंडी जाण्याचं कारण नाही. शेजारच्यांकडे अमेरिकेहून आणलेले डॉलर पडलेत, ते घेऊ, असं मात्र करू नये. परवाना नसलेल्या व्यक्तीकडून परकीय चलन विकत घेणं हे फेमा कायद्याचं उल्लंघन आहे, मग ती व्यक्ती कितीही घरची असो.

नोटा हातात आल्या की काउंटर सोडण्याआधी मोजा आणि उजेडात पाहा. फाटलेली, शाईने लिहिलेली किंवा शिक्का उमटलेली नोट तिथल्या तिथे बदलून मागा. परदेशातला दुकानदार किंवा मनी चेंजर ती नाकारू शकतो. युरोत ५ ते ५० च्या नोटा घ्या, मोठ्या नोटा छोट्या दुकानांत घेत नाहीत. आशियात डॉलर नेऊन तिथलं चलन घ्यायचं असेल तर उलट : थायलंडमध्ये शंभरच्या डॉलर नोटेला छोट्या नोटांपेक्षा चांगला दर मिळतो. नाणी आणू नका असं कोणी सांगत नाही, पण परत आल्यावर ती इथे कोणी विकत घेत नाही, म्हणून शेवटच्या दिवशी ती तिथेच खर्चून टाका. पावती मात्र परत येईपर्यंत पासपोर्टसोबत ठेवा. चलन कुठून घेतलं असं कोणी विचारलं तर दाखवायला तीच उपयोगी पडते.