ताशी शंभर म्हणजे नेमकं किती?

विजेवर चालणाऱ्या रेल्वेमार्गाच्या कडेने तारा पेलणारे खांब असतात. प्रत्येक खांबावर आकड्यांची एक छोटी पाटी असते. वर ११२ आणि खाली ८ असं काहीतरी लिहिलेलं. वरचा आकडा किलोमीटरचा, खालचा त्या किलोमीटरमधल्या खांबाचा. खिडकीशी जागा मिळाली आणि मोबाइलवर स्टॉपवॉच लावता आलं, की गाडीचा वेग कोणालाही न विचारता काढता येतो. वरच्या आकड्यावर नजर ठेवायची. ११२ संपून ११३ लागला की घड्याळ सुरू करायचं, ११४ लागला की थांबवायचं.

समजा, ४५ सेकंद लागले. म्हणजे गाडीने ४५ सेकंदांत १ किलोमीटर अंतर कापलं. एका तासात ३,६०० सेकंद असतात. त्यात असे ४५ सेकंदांचे ८० तुकडे बसतात, म्हणजे याच वेगाने गाडी तासाभरात ८० किलोमीटर जाईल. हाच ताशी ८० किलोमीटरचा अर्थ. गाडी तासभर धावलीच पाहिजे असं नाही. पाऊण मिनिटाच्या मापावरूनही ताशी वेग सांगता येतो.

यात दोन ठिकाणी चूक होते. काहीजण किलोमीटरचा आकडा सोडून खांबच मोजतात. पण खांबांमधलं अंतर सारखं नसतं. सरळ मार्गावर ते ७२ मीटरपर्यंत जातं, वळणावर कमी होतं. दुसरी चूक घड्याळ दाबण्यातली. ताशी १०० च्या वेगाला किलोमीटर ३६ सेकंदांत सरतो. बोट एक सेकंद उशिरा पडलं आणि ३७ आले, तर उत्तर ताशी ९७ येतं. त्यावर उपाय सोपा आहे. एकाऐवजी पाच किलोमीटर मोजावेत. मग १८० ऐवजी १८१ सेकंद येतील आणि उत्तर ताशी ९९ च्या वरच राहील. बोटाची चूक तेवढीच, पण ती लांब वेळेत विरघळून जाते.

वेग, अंतर आणि वेळ यांचं नातं एवढंच आहे. अंतराला वेळेने भागलं की वेग मिळतो. उरलेली दोन सूत्रं वेगळी पाठ करण्याची गरज नाही. ताशी ६० म्हणजे दर तासाला ६० किलोमीटर, मग तीन तासांत तिप्पट, १८०. आणि २४० किलोमीटर जायचं असेल, तर त्यात ६० चे किती वाटे पडतात ते पाहायचं: चार, म्हणून चार तास. जिथे मुलं अडखळतात ते गुणाकार-भागाकारात नव्हे, एककांत. म्हणून एक खरा प्रवास मांडून पाहू.

समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर. मोटारींसाठी कमाल वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर. कुठेही न थांबता, कायम या मर्यादेवर गाडी राहिली तर किती वेळ लागेल? ७०१ भागिले १२०, कॅल्क्युलेटर ५.८४ दाखवतो. हे ५ तास ८४ मिनिटं नाहीत. दशांश चिन्हाच्या उजवीकडचा भाग शंभरातला असतो, तास मात्र साठात विभागलेला. ०.८४ ला ६० ने गुणलं की ५० मिनिटं येतात. म्हणून उत्तर ५ तास ५० मिनिटं. उलट्या दिशेनेही हीच काळजी घ्यावी लागते. २ तास ३० मिनिटं म्हणजे २.३ नव्हे, २.५ तास. २.३ ने भागलं तर वेग उगाच जास्त येतो आणि चूक लक्षातही येत नाही, कारण उत्तर अगदी शक्य वाटतं.

या रस्त्याबद्दल नेहमी सांगितलं जातं ते मात्र आठ तास. ७०१ ला ८ ने भागलं तर सरासरी वेग ताशी साधारण ८८ किलोमीटर येतो. सरासरी काढताना एकूण अंतराला एकूण वेळेने भागतात, आणि एकूण वेळेत चहा, जेवण, इंधन सगळं येतं. आठ तासांतला एक तास थांबण्यात गेला, तर सात तासांत ७०१ किलोमीटर कापावे लागतील, म्हणजे चालत्या गाडीचा वेग ताशी शंभर ठेवावा लागेल. तासाभराच्या थांब्याची भरपाई करायला चालता वेग १२ ने वाढवावा लागतो.

वेग वाढवून वेळ वाचवायचा, हा सगळ्यांचा आवडता हिशेब. पण तो दिसतो तसा नाही. १०० किलोमीटरचं अंतर घ्या. ताशी ४० ने त्याला अडीच तास लागतात, ताशी ६० ने एक तास ४० मिनिटं. वाचली ५० मिनिटं. आता ६० चे ८० केले, तर वाचतात २५ मिनिटं. ८० चे १०० केले की १५, आणि १०० चे १२० केले की फक्त १०. प्रत्येक वेळी वेग २० नेच वाढवला, पण मिळकत घटत गेली. कारण वेळ काढताना वेग छेदात बसतो. मूळ वेग कमी असताना थोडी वाढही पुष्कळ वेळ वाचवते. गाडी आधीच वेगात असेल, तर वाचवायला वेळच थोडा उरलेला असतो. गावातल्या कोंडीत, घाटात किंवा टोलनाक्यावर गेलेली वीस मिनिटं मोकळ्या रस्त्यावर भरून निघत नाहीत ती यामुळेच.

याच कारणाने जाता-येताचे वेग मिळवून दोनाने भागणंही चुकतं. १२० किलोमीटर ताशी ६० ने गेलात, तर दोन तास. त्याच वाटेने ताशी ४० ने परतलात, तर तीन तास. पाच तासांत २४० किलोमीटर, म्हणून सरासरी ४८, पन्नास नव्हे. हळू वेगाने अधिक वेळ गेला, म्हणून सरासरी त्याच्याकडे झुकली.

तास आणि किलोमीटर प्रवास आखायला बरे. रस्त्यावर गाडी चालवताना मात्र जे घडतं ते सेकंदांत आणि मीटरांत घडतं. म्हणून हे रूपांतर हाताशी असावं. किलोमीटरचे १,००० मीटर, तासाचे ३,६०० सेकंद. तेव्हा ताशी किलोमीटरच्या आकड्याला ३.६ ने भागलं की दर सेकंदाचे मीटर मिळतात. ताशी ९० म्हणजे सेकंदाला २५ मीटर. मोबाइलकडे दोन सेकंद पाहिलं, तर तेवढ्यात गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते. ताशी १२० ला हेच अंतर ६७ मीटर होतं.

पुढच्या गाडीपासून किती मागे राहावं, हे मीटरांत ठरवणं चालकाला जमत नाही. धावत्या गाडीतून पन्नास मीटर नजरेने ओळखणं कठीण. सेकंदांत ते सहज जमतं. पुढची गाडी रस्त्याकडेच्या एखाद्या पाटीपाशी पोचली की मनात मोजायला लागायचं. आपण त्याच पाटीपाशी पोचेपर्यंत किमान दोन सेकंद झाले पाहिजेत. ताशी ५४ ला ते अंतर ३० मीटर भरतं, ताशी ९० ला ५०, वेगाप्रमाणे आपोआप वाढत जातं. पावसात रस्ता ओला असेल, तर दोनाचे चार सेकंद करावेत, म्हणजे ताशी ५४ लाही पुढची गाडी ६० मीटर दूर राहते.