चार तारांपैकी दोन

फोनमध्ये दहा टक्के बॅटरी, बोर्डिंग पासही त्यातच आणि विमानाला अजून दोन तास. अशा वेळी खुर्चीच्या हाताशीच असलेले यूएसबीचे भोक प्रवाशाला देवासारखे वाटते. पण नेहमीच्या चौकोनी यूएसबीत चार तारा असतात. दोन वीज पुरवतात, उरलेल्या दोन माहितीची ने-आण करतात. खुर्चीच्या आत त्या दोन तारा कुठे जातात, हे बाहेरून दिसत नाही.

२०११ साली अमेरिकेतल्या लास व्हेगासमध्ये, डेफ कॉन या हॅकरांच्या संमेलनात काही जाणकारांनी फुकट चार्जिंगचे खोके मांडले. फोन जोडताच पडद्यावर इशारा झळकायचा : अनोळखी ठिकाणी फोन जोडू नका. सुरक्षेतली मुरलेली माणसेही त्यात फसली. तिथूनच ‘ज्यूस जॅकिंग’ हा शब्द रूढ झाला. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या फसवणुकीविषयीच्या पुस्तिकेतही तो आहे.

विमानतळावर अशा रीतीने एखाद्याचा फोन लुटला गेल्याचे जाहीरपणे सिद्ध झालेले प्रकरण मात्र सापडणे कठीण. याचे मोठे श्रेय फोनच्या बदललेल्या रचनेला जाते. आयफोन २०१३ पासून ‘या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवायचा का’ असे विचारतो, आणि नवे अँड्रॉइड फोन आपण परवानगी देईपर्यंत फक्त चार्ज होतात. साधा चार्जर असला प्रश्न उद्भवूच देत नाही. म्हणून चार्जिंगच्या जागी असा प्रश्न पडद्यावर आला, तर पलीकडे कॉम्प्युटर आहे असे समजावे, नकार द्यावा आणि केबल काढून घ्यावी.

या प्रश्नालाही पळवाट निघाली. ऑस्ट्रियातल्या ग्राझ तंत्रज्ञान विद्यापीठातील संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवले, की लबाड चार्जर स्वतःला कीबोर्ड म्हणून जोडून घेतो आणि प्रश्नाचे ‘हो’ हे उत्तर स्वतःच देऊन टाकतो. त्यावर उपाय म्हणून अॅपल आणि गूगल यांनी परवानगीआधी पासकोड किंवा बोटाचा ठसा मागायला सुरुवात केली. जुन्या सॉफ्टवेअरच्या फोनला हे कवच नाही. म्हणून प्रवासाला निघण्यापूर्वीच अपडेट करून घेतलेले बरे. चार्ज होताना फोन लॉक ठेवावा, तेही महत्त्वाचे.

शेजाऱ्याची किंवा कुणी विसरून गेलेली केबल वापरणे यापेक्षा वाईट. ‘ओ.एमजी’ नावाची केबल दिसायला हुबेहूब साधी असते, पण तिच्या टोकातच वायफायची चिप दडवलेली असते. ती आपला चार्जर लावूनही निरुपद्रवी होत नाही.

खात्रीचा मार्ग साधा आहे : भिंतीतला तीन पिनांचा सॉकेट, आपला अॅडॉप्टर, आपली केबल. भिंतीतून फक्त वीज येते आणि माहितीच्या तारा आपल्याच अॅडॉप्टरपाशी संपतात. सॉकेट रिकामा नसेल तर पॉवर बँक. माहितीच्या तारा नसलेली, फक्त चार्जिंगची केबलही मिळते. मात्र जलद चार्जिंगची बोलणी बऱ्याचदा त्याच तारांवरून होत असल्याने तिच्यावर फोन हळू भरतो.