स्मृतिफलकावरील अक्षरे

गावोगावी हुतात्म्यांचे व लोकसेवकांचे स्मृतिफलक उभारले जातात. समारंभाच्या दिवशी ते सुवाच्य असतात. परंतु पाच-दहा पावसाळे लोटले की नाव कोणाचे आणि साल कोणते, हे जवळ जाऊनही उमगत नाही. याचे कारण बहुधा अक्षरांच्या निवडीतच असते.

प्रथम दगडाचा विचार करू. गोव्याचा जांभा सच्छिद्र असल्याने त्यावर बारीक कोरीव काम टिकत नाही. संगमरवर पावसाच्या पाण्याने हळूहळू विरघळतो व अक्षरांच्या कडा बोथट होतात. काळा ग्रॅनाइट मात्र या हवेत उत्तम टिकतो. त्याला झिलई दिल्यावर कोरलेला भाग आपोआप करडा-पांढरा दिसतो. म्हणून रंगावर विसंबू नये. रंग उडाल्यावरही जे वाचता येते, तेच खरे अक्षर होय.

आता आकार पाहू. वाचक चार मीटर अंतरावर उभा राहणार असेल, तर शिरोरेषेपासून पायापर्यंत अक्षराची उंची २५ मिलिमीटर ठेवावी. वरच्या व खालच्या मात्रांसाठी जागा हवी, म्हणून एका शिरोरेषेपासून दुसरीपर्यंत ६० मिलिमीटर अंतर ठेवावे. ६० सेंटिमीटर उंच व ९० सेंटिमीटर रुंद फलकावर चारही बाजूंनी साडेसात सेंटिमीटर समास सोडला, तर सात ओळी बसतात. एका ओळीत सुमारे तीस अक्षरे मावतात. मजकूर याहून अधिक असेल, तर तो कमी करावा; अक्षरे लहान करू नयेत.

छपाईतील अक्षरांत जाड व बारीक रेषांचा मोठा भेद असतो. दगडावर प्रथम बारीक रेषाच नाहीशा होतात. म्हणून जाड रेषा चार मिलिमीटर असल्यास बारीक रेषा दोन मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. खाच पन्हाळीसारखी निमुळती व दोन-तीन मिलिमीटर खोल असावी. अनुस्वाराचा ठिपका आणि रफार यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण पाथरवट ते उथळ सोडतात. ‘१९४६’ या सालातील १ आणि ९ यांची वळणे स्पष्ट निराळी असावीत. अन्यथा झिजल्यावर एकाच्या जागी दुसरा वाचला जातो. वेलबुट्टीची वळणदार अक्षरे आणि छायेची अक्षरे टाळावीत.

काम देण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. मजकूर प्रत्यक्ष आकारात कागदावर रेखाटून नियोजित भिंतीवर चिकटवावा. गावातील एखाद्या वयस्क गृहस्थास चार मीटरवर उभे करून तो भर दुपारी व सायंकाळी वाचावयास सांगावे. जेथे ते अडखळतील, तेथे दुरुस्ती करावी. व्यक्तींची नावे व तारखा त्यांच्या कुटुंबीयांकडून व शाळेच्या शिक्षकांकडून तपासून, त्या कागदावर त्यांची सही घ्यावी. कागदावरील चूक खोडता येते. ग्रॅनाइटवरची खोडण्यासाठी संपूर्ण शिळाच बदलावी लागते.