बंद पडलेलं टेलिग्राम खातं आपोआप कधी पुसायचं?

समजा, रत्नागिरीकडचा एक मुलगा नोकरीसाठी दम्मामला गेला. गावाकडच्या नंबरवर त्याचं टेलिग्राम होतं. तिथे नवा नंबर घेतला, नवं खातं उघडलं आणि जुनं तसंच सोडून दिलं. त्या जुन्या खात्यात मात्र पासपोर्टचा फोटो, पगाराची कागदपत्रं, अम्मी-अब्बांशी झालेलं बोलणं, सगळं पडून आहे.

हे सगळं फोनमध्ये नाही, टेलिग्रामच्या सर्व्हरवर आहे. इकडे त्याचं सिम वापराविना राहिलं, तर ९० दिवसांनंतर कंपनी ते बंद करू शकते. मग आणखी किमान ९० दिवस थांबून तोच नंबर दुसऱ्याला देऊ शकते. म्हणजे साधारण सहा महिन्यांनंतर एखादा अनोळखी माणूस त्या नंबरवर ओटीपी मागवून जुन्या गप्पा उघडू शकतो. यासाठीच खातं आपोआप पुसण्याची मुदत कामाला येते.

टेलिग्राममध्ये Settings उघडा, Privacy and Security मध्ये जा. खाली खातं पुसण्याच्या भागात If away for दिसेल. त्यावर दाबून एक, तीन किंवा सहा महिने, एक वर्ष अशी मुदत निवडता येते. आपण काहीच बदललं नाही, तर हल्ली ती १८ महिने असते. वरच्या मुलाने जाण्याआधी तीन महिने निवडले असते, तर नंबर दुसऱ्याच्या हाती जाण्याआधीच खातं पुसलं गेलं असतं.

मुदत मोजली जाते ती शेवटचं ऑनलाइन आल्यापासून. घरच्या जुन्या टॅबवर कुणी तेच खातं उघडलं, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. Devices मध्येही असाच एक पर्याय आहे, पण तो फक्त न वापरलेला फोन लॉगआउट करतो, खातं पुसत नाही. दोन्हींत गल्लत करू नका.

पुसलेलं खातं परत मिळत नाही. Saved Messages मध्ये ठेवलेलं सगळं जातं. पण दुसऱ्यांना पाठवलेले मेसेज त्यांच्याकडे राहतात. म्हणून घरात कुणी लांब आजारपणात असेल, तर एक महिन्याची मुदत ठेवू नका, आणि कागदपत्रांची प्रत दुसरीकडेही ठेवा.

एक गोष्ट मात्र ही मुदत करत नाही. मुलगा परदेशात वायफायवर तेच जुनं खातं रोज वापरत असेल, तर ते कधीच बंद पडत नाही, आणि सिम गेलं तर धोका तसाच राहतो. अशा वेळी Settings मध्ये आपल्या नंबरवर दाबून नवा नंबर जोडा आणि Two-Step Verification चा पासवर्ड लावा. मग नुसत्या ओटीपीवर कुणाला आत शिरता येत नाही.

पुढच्या वेळी घरातलं कुणी परदेशी निघेल, तेव्हा सामान बांधताना त्याचा फोन हातात घेऊन ही मुदत एकदा बघून घ्या.